खंडेराव कुठे गेला होता

आमच्या बोक्याचं नाव खंडेराव. खंडेराव मार्केटात भाजीच्या रिकाम्या पाट्यांमागे तो बाबांना सापडला, म्हणून. तेव्हा तो बाबांच्या शर्टाच्या खिशात बसून घरी आला होता. आता तो इतका मोठा झालाय की शिवणाच्या मशीनवर पसरला तर शेपूट खाली लोंबते. रंग पिवळा, पोट पांढरं आणि डावा कान वरून फाटलेला. मशीन आजीचं आहे, पण आजीला त्यावर काही शिवताच येत नाही. ती म्हणते, "उठव गं त्याला." मी उठवायला गेले की म्हणते, "राहू दे, झोपलाय."

मी तेव्हा चौथीत होते. आम्ही बडोद्याला कारेलीबागेत राहतो, तळमजल्यावर. वर कोकिळामासी राहतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये गोकुळाष्टमीला पाऊस थांबेचना. आमच्याकडे पाऊस नुसता वरून येत नाही. आजव्याचं तळं भरलं की ते पाणी विश्वामित्रीत येतं आणि मग नदी गावात शिरते. काळ्या घोड्याच्या पुलापाशी पाणी २६ फुटांवर गेलं की धोका, हे आमच्या गल्लीतल्या लहान मुलांनाही माहीत आहे. बाबा सारखे फोनवर विचारत होते, "किती झालं?" आणि प्रत्येक वेळी आकडा वाढलेला असायचा. त्या वेळी तो ३५ फुटांच्याही वर गेला.

खंडेराव त्या दिवशी मशीनवर झोपलाच नाही. कपाटावर चढला, तिथून माळ्यावर गेला, परत खाली आला आणि मोरीच्या जाळीपाशी जाऊन खाली बघत उभा राहिला. मी पण बघितलं. जाळीतून पाणी वर येत होतं. बुड्बुड्, बुड्बुड्. नदी दारातून येईल असं मला वाटत होतं, पण ती आधी मोरीतून आली.

मग सगळ्यांची पळापळ झाली. बाबांनी गॅसची टाकी उचलली, आईने कागदांची पेटी, आजीने देव. दादाने खंडेरावला भाजीच्या टोपलीत घातलं आणि वरून आईची ओढणी बांधली. जिन्यात अंधार होता, लाइट गेले होते. अर्ध्या जिन्यात वर कुणाच्या तरी हातून पातेलं पडलं. ठण्णकन आवाज झाला. खंडेरावने ओढणीतून डोकं काढलं, मग पाय काढले, आणि जिन्याच्या खिडकीतून कंपाउंडच्या भिंतीवर उडी मारली. तिथून गॅरेजच्या पत्र्यावर गेला. पत्र्यावर तो एकदा थांबला, आमच्याकडे बघितलं आणि पलीकडे उतरला. मी खूप ओरडले. पावसाच्या आवाजात माझं मलाच ऐकू येत नव्हतं.

रात्री आमच्या घरात पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. मी बघितलं नाही, दादाने जिन्यातून बॅटरी मारून बघितलं आणि सांगितलं. आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. मला फ्रिजचं काही वाटलं नाही.

आम्ही मासींकडे राहिलो. मासी वैष्णव आहेत, कांदा-लसूणसुद्धा खात नाहीत, आणि त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही पाच आणि त्या दोघं. मासी सगळ्यांना खिचडी वाढायच्या आणि शेवटी स्वतः पातेलं खरवडून खायच्या. ते मी बघितलंय.

गच्चीवरून बघितलं तर रस्ता नव्हताच. मोटारींची फक्त छपरं दिसत होती. एक होडी गेली, तिच्यात लष्कराचे जवान होते आणि एक आजोबा प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले होते. मी ओरडून विचारलं, "पिवळा बोका दिसला का?" एका जवानाने हात हलवला. त्याला ऐकू आलं नसावं.

समोरच्या काकांच्या मोबाइलमध्ये थोडी बॅटरी होती. त्यात आकोट्याचं चित्र आलं होतं, एका घराच्या छतावर मगर बसलेली. विश्वामित्रीत मगरी राहतात, हे मला माहीत होतं. आम्ही पुलावरून बघतो ना, चिखलावर ऊन खात पडलेल्या असतात. पण छतावर! मी बाबांना विचारलं, "मगर बोका खाते का?" बाबा मोठ्या माणसांसारखं खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "मिळाला तर खाते. पण खंडेराव तिला मिळणार नाही, तो झाडावर चढतो, तिला चढता येत नाही." मी रात्रभर गल्लीतली झाडं मोजली. कडुलिंब, आसोपालव, गुलमोहर, परत कडुलिंब.

रोज संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन त्याची वाटी वाजवायचे. स्टीलची वाटी आणि चमचा. एरवी दोनदा वाजवली की तो कुठूनही यायचा.

पाणी उतरलं तेव्हा घरात चिखल राहिला. साधा चिखल नाही, तो पायाला लोण्यासारखा लागतो आणि त्याला गटाराचा वास येतो. भिंतीवर एक सरळ रेघ उमटली होती, तिच्या खाली सगळं तपकिरी. आजीचं मशीन उलटं पडलं होतं, त्याचं लाकूड फुगलं होतं. बाबांनी ते अंगणात नेऊन ठेवलं. सगळे फावड्याने चिखल ओढत होते आणि मी खंडेराव शोधत होते. कुणी मला "काम कर" म्हणालं नाही.

दादा म्हणाला, घाबरलेलं मांजर लांब जात नाही, जवळच कुठे तरी कोपऱ्यात बसतं आणि आपण हाक मारली तरी ओ देत नाही. त्याला रात्री शोधायचं. बॅटरी मारली की डोळे चमकतात. मग आम्ही दोघं रात्री निघालो. गॅरेजच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, बंद दुकानाच्या फळ्यांखाली बघितलं. एका ठिकाणी दोन हिरवे डोळे चमकले. माझं काळीज धडधडायला लागलं. ती शेजारच्या गल्लीतली काळी मांजर निघाली. मी तिला पण विचारलं.

मग मला बोंबील आठवले.

आम्ही मासे खातो, पण श्रावणात नाही. आजी तर श्रावणात बोंबलाच्या बरणीला हातही लावत नाही. बरणी माळ्यावर होती म्हणून वाचली होती. खंडेरावला भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास दोन गल्ल्यांवरून येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी आजीला म्हटलं, "एकच भाज." आजी म्हणाली, "श्रावणात? आणि भाजू कुठे? आपल्या घरात चूल नाही, आणि त्या बाईच्या घरात, जिने आपल्याला ठेवून घेतलं, तिच्या देवासमोर मी मासळी भाजू?"

तिचं बरोबर होतं. म्हणून मी रडले नाही. जिन्यात जाऊन बसले.

मासींनी सगळं ऐकलं होतं. त्या आत गेल्या आणि कोळशाची जुनी शेगडी घेऊन आल्या. हिवाळ्यात त्या तिच्यावर वांगी भाजतात. म्हणाल्या, "गच्चीवर शेका. मने कंई वांधो नथी." आजी म्हणाली, "अहो कोकिळाबेन, शेगडी बाटेल तुमची." मासी म्हणाल्या, "राखेने घासली की झालं. पोरगी जेवत नाहीये, दिसत नाही तुम्हाला?"

आजीने आधी हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही, आणि मग पदर नाकाला लावून स्वतः बोंबील भाजला. मी पुठ्ठ्याने वारा घालत होते. काय वास सुटला! मासी मात्र खाली गेल्या नाहीत. पाण्याच्या टाकीपाशी उभ्या राहून नाक दाबून गल्लीकडे बघत होत्या आणि हाक मारत होत्या, "खंडेराव! ओ खंडेराव!"

मांजरं आली. ती काळी आली, लंगडी आली, दोन पिल्लं आली जी मी कधी बघितली नव्हती. गॅरेजचा पत्रा मांजरांनी भरला. खंडेराव आला नाही. आजीने बोंबलाचे तुकडे करून सगळ्यांना टाकले आणि म्हणाली, "भुकेलीत बिचारी." मग आम्ही खाली आलो. त्या रात्री मी जेवले, कारण आजी माझ्यासमोर बसून राहिली होती.

तो आला तो भर दुपारी, मी वाटी वाजवली नव्हती तेव्हा. पिठोरी अमावास्येचा दिवस होता. मी अंगणात भांड्यांवर पाणी ओतत होते आणि कंपाउंडच्या भिंतीवरून कुणीतरी चालत येतंय असं दिसलं. धावत नाही, उडी नाही, नुसतं चालत. मला आधी तो वाटलाच नाही, कारण पिवळा नव्हता. सगळा मातीच्या रंगाचा. फाटका कान बघितला आणि मी बादली सोडून दिली.

तो माझ्याकडे आला नाही. सरळ घरात गेला. खिडकीखाली जिथे मशीन असायचं तिथे जाऊन उभा राहिला, वर बघितलं. मशीन नव्हतं. त्याने त्या जागेभोवती एक फेरी मारली आणि ओल्या फरशीवर, बरोब्बर त्याच चौकोनात बसला. आणि मग ओरडला. असा लांब, रागावून, जणू आम्हीच कुठे तरी निघून गेलो होतो.

मी त्याच्यापाशी पालथी पडून त्याला नीट बघितलं. एका बाजूच्या मिशा चिखलाने चिकटून एकच झाल्या होत्या. पोटाच्या केसांना वाळलेल्या मातीचे मणी लागले होते, तो हलला की ते एकमेकांवर टकटक वाजायचे. पंजांच्या गाद्या पांढऱ्या पडल्या होत्या आणि पुढच्या उजव्या पायाला एक चीर होती. बरगड्या हाताला लागत होत्या. आणि त्याच्या मानेला डिझेलचा वास येत होता. चिखलाचा नाही, डिझेलचाच. दादा म्हणाला, कुठल्या तरी ट्रकवर बसून राहिला असेल. बाबा म्हणाले, पाणी उपसायचे पंप डिझेलवर चालतात, तिथे ऊब असते. मी त्याला कानात विचारलं. त्याने कान झटकला.

मला त्याचा राग आला होता. खूप. पण तो माझं बोट चाटायला लागला. त्याची जीभ कोरडी होती, म्हणून मी आधी पाणी आणलं. त्याने वाटी संपवली, परत भरली, ती पण संपवली.

बाबा आणि दादाने मशीन उचलून आत आणलं. लाकूड फुगल्यामुळे ते एका बाजूला कललं होतं. दादाने पायाखाली वीट लावली. खंडेरावला उडी मारता येईना, पायाला लागलं होतं ना. मग आजीनेच त्याला उचलून वर ठेवलं, तिच्या धुतलेल्या साडीला चिखल लागला तरी. त्याने शेपूट खाली सोडली.

"आता बोंबील दे ना त्याला," मी म्हटलं.

दादा म्हणाला, "श्रावण अजून संपला नाही."

आजी त्याच्या पाठीवरचे मातीचे मणी एकेक करून काढत होती. तिने दादाकडे बघितलंसुद्धा नाही. दारात जाऊन, मान वर करून तिने मोठ्याने हाक मारली, "कोकिळाबेन! तुमची शेगडी परत पाठवता का?"

वरून उत्तर आलं, "आव्यो?"

"आला!" मी ओरडले, आणि शेगडी आणायला दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.