तापीकाठ काळा मसाला : २० सेकंदांची स्किपेबल जाहिरात, शूटिंगची प्रत

यूट्यूबवर, व्हिडिओच्या आधी. जळगाव, धुळे, नंदुरबार. आडवी फ्रेम, १९२०×१०८०.

०:०० ते ०:०२
काळ्या पडद्यातून फेड-इन नको, लोगो फिरत येणं नको. त्यातच सेकंद जातो. पहिल्याच फ्रेमला उकळती कढई, अगदी जवळून. कडेला लालसर-काळी तर्री सुटलेली. उजवा हात पाकिटातून मसाला चमच्यात घेतो, पाकिटावरचं नाव कॅमेऱ्याकडे.
आवाज (बाई, चाळिशीची, घाई न करता): तापीकाठ काळा मसाला!
पडद्यावर तेच नाव, वर डावीकडे. खाली उजव्या कोपऱ्यात स्किपचं बटण येतं, तिथे काहीही ठेवायचं नाही.

०:०२ ते ०:०५
चमचा कढईत पडतो. एक. दोन.
आवाज: चार माणसांची शेवभाजी, दोनच चमचे!
पडद्यावर: ४ माणसं, २ चमचे. फोन म्यूट असला तरी निरोप पोचला पाहिजे. दोन्ही वाक्यं मिळून आठ शब्द. नववा घातला की बाई धावत बोलायला लागतात आणि नाव गिळलं जातं.

इथे जाहिरात संपली असं समजूनच पुढचं लिहिलंय. सीपीव्ही, म्हणजे दर व्ह्यूमागे पैसे, या बोलीत २० सेकंदांच्या जाहिरातीचे पैसे ती पूर्ण बघितली किंवा तिच्यावर क्लिक केलं तरच लागतात. पाचव्या सेकंदाला निघून गेलेल्यालाही नाव आणि माप कळलेलं असतं, तेही फुकटात.

०:०५ ते ०:१३
भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाला तेल सुटलेलं. त्यावर गरम पाणी.
आवाज: गार पाणी ओतू नका. शेव अगदी शेवटी, ताटात वाढताना.
जाड तिखट शेव रश्श्यात पडते. कुरकुर ऐकू यायला हवी, म्हणून इथे संगीत बंद.

०:१३ ते ०:१७
पितळी ताट, कळण्याची भाकरी, चिरलेला कांदा.
मुलगा (तोंडात घास): माय, आखो वाढ!
आईचा फक्त हात, पळी घेऊन.

०:१७ ते ०:२०
पाकीट स्थिर, पूर्ण फ्रेमभर.
आवाज: तापीकाठ काळा मसाला. ५० ग्रॅम, २५ रुपये. तुमच्या किराणा दुकानात.

शूटच्या दिवशी
शेव रश्श्यात दोन-तीन मिनिटांत मऊ पडते, मग ती कॅमेऱ्यात लापशी दिसते. दर टेकला नवी शेव घ्या. पाऊण किलो लागेल. रस्सा निवला की तर्रीची चकाकी जाते, तेव्हा टेकच्या आधी दोन चमचे गरम तेलात चिमूटभर मिरची पूड ढवळून वरून सोडा. तेल धुरावलेलं नको, पूड करपून रंग तपकिरी होतो. वाफेने लेन्स धुरकट होते. कॅमेरा कढईच्या बाजूला लावा, वर नको.

एडिट झाल्यावर पहिले पाच सेकंद आवाज बंद करून फोनवर बघा, मग फोन उलटा ठेवून नुसते ऐका. दोन्ही वेळा नाव कळलं नाही तर ०:०० ते ०:०५ पुन्हा कापा.