पायाच्या जखमेची घरची काळजी: ड्रेसिंग विभाग, इंदूर

काका, उजव्या अंगठ्याखालच्या गादीवरची जखम आज २ सेंमी लांब आणि दीड सेंमी रुंद आहे. घट्टा काढलाय, तळ लाल आणि स्वच्छ आहे. इथले ड्रेसिंग सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी. मध्येच पट्टी ओली झाली, घसरली किंवा मळली, तर सूनबाईंनी त्याच दिवशी घरी बदलावी.

पट्टी बदलताना
आधी साबणाने हात धुवा, मग हातमोजे घाला. गॉज चिकटले असेल तर ओढू नका, सलाइनने भिजवून सैल करा. काढलेले गॉज टाकण्यापूर्वी नीट पाहा: रंग कसा, वास येतो का? जखम फक्त सलाइनने पुसा, दिलेले मलम पातळ लावा आणि वर नवे गॉज ठेवा. रोलर पट्टी बोटांकडून घोट्याकडे गुंडाळा. ती आवळू नका, बोटांची टोके उघडी राहू द्या. चिकटपट्टी कातडीला लावायची नाही, पट्टीलाच लावा.

हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, शेजारच्यांनी सांगितलेला पाला, काहीही लावू नका. पाय पाण्यात बुडवून ठेवू नका. आंघोळीला पायावर प्लास्टिकची पिशवी बांधा. गरम पाण्याची पिशवीही नको, चटका बसला तरी तुम्हाला कळणार नाही.

पायावर भार नको
औषधाइतकेच हे महत्त्वाचे आहे आणि नेमके हेच पाळले जात नाही. दिलेला बूट घरातही घाला, रात्री बाथरूमला जाताना सुद्धा. दुकानात उभे राहणे सध्या बंद. खजराना गणपतीला अनवाणी जाण्याचा नवस असेल तर तो जखम भरल्यावर फेडा. गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा, तंबाखू सोडा. डावा तळवाही रोज आरशात पाहा, नाहीतर काकूंना दाखवा.

लगेच कळवा
दुखत नाही म्हणजे ठीक आहे, असे धरू नका. मधुमेहाने नसा बधिर झाल्यात, म्हणून काट्याने सुरुवात झालेली तुम्हाला कळली नव्हती. त्यामुळे दुखण्यावर नाही, डोळ्यांवर आणि नाकावर विसंबा.

यांतले काहीही दिसले तर पुढच्या ड्रेसिंगची वाट न पाहता त्याच दिवशी या:
– पाय सुजला, गरम लागला, लाली पसरली (कडेला पेनाने रेघ मारा, लाली रेघेबाहेर गेली की निघा)
– पू, घाण वास, जखम खोल झाली किंवा आत हाड दिसले
– आजवर न दुखणारा पाय अचानक दुखू लागला
– खाणे नेहमीचेच, तरी शुगर ३०० च्या वर

आणि रात्री-बेरात्रीसुद्धा थेट इमर्जन्सीत, गाडी नसेल तर १०८ ला फोन करून: थंडी वाजून ताप, बोट काळे-निळे किंवा गार पडणे, कातडीखाली दाबल्यावर चुरचुर, लाली पोटरीकडे चढणे, दाबून धरूनही न थांबणारे रक्त, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे.

येताना शुगरची वही आणि चालू गोळ्या आणा.