दादाच्या लग्नातलं तुझं भाषण, तपासून

छोटू,

भाषण मोठ्याने वाचून वेळ लावली. तुझा मसुदा पाच मिनिटांच्या वर जात होता. खालचा सावकाश वाचलास, लोक हसतील तेवढं थांबलास, तरी तीन मिनिटांत बसतो.

"आता दादाचं स्वातंत्र्य संपलं" हा विनोद काढलाय. वहिनीचे आईबाबा समोर बसलेले असणार, त्यांनी त्यावर का हसावं? कॉलेजचे किस्सेही गेले, ते फक्त मित्रांना कळतात. गजराचा किस्सा मात्र सोन्यासारखा आहे. तू तो दोन ओळींत उरकला होतास, मी सगळं भाषण त्याच्यावरच उभं केलंय. "शब्द अपुरे पडतात" हे वाक्य नको; बारावीच्या रात्रीचं नुसतं सांगितलंस तरी सगळे समजतील. वहिनीला एरवी "तू" म्हणतोस, तेच ठेवलंय. "आशिर्वाद" चं "आशीर्वाद" केलंय, कारण हा कागद दादा जपून ठेवणार.

*

नमस्कार. मी नवरदेवाचा धाकटा भाऊ. आजवर घरात शेवटचा शब्द दादाचाच असायचा. आज माईक माझ्या हातात आहे आणि त्याला गप्प बसून ऐकायचंय.

दादाला ओळखणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की तो सगळीकडे वेळेच्या आधी पोहोचतो. गाडी सातची असली की आम्ही सहालाच फलाटावर. त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे, आणि फोनमध्ये तीन गजर. त्यातला एकही मी कधी ऐकलेला नाही, कारण वाजायच्या आधीच उठून तो ते बंद करतो.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी चक्क दीड तास उशिरा घरी आला. फोन नाही, निरोप नाही. वर दारात उभा राहून हसतोय! बाबांनी विचारलं, "गाडी चुकली का रे?" आई म्हणाली, "काही चुकलेलं नाही, सगळं बरोबर चाललंय." वहिनी, तुझं नाव आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं, पण आईला तू त्याच संध्याकाळी कळलीस.

आता एक गोष्ट, जी दादाने कधीच कुणाला सांगितली नसेल. माझी बारावी होती. गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री मला काहीच आठवेना. अकरा वाजता मी वही मिटली आणि म्हणालो, "उद्या मी जात नाही." दादाने समजूत घातली नाही की रागावला नाही. वही बाजूला ठेवली आणि म्हणाला, "तू झोप. चारला मी उठवतो."

चारला त्याने उठवलं. पेपर चांगला गेला. पुढे कित्येक वर्षांनी आईकडून कळलं, दादा त्या रात्री झोपलाच नव्हता. तिन्ही गजर लावलेले होते, पण माझ्या परीक्षेसाठी त्याला त्यांचा भरवसा वाटला नाही. सकाळी मला केंद्रावर सोडून तो तसाच ऑफिसला गेला.

दादा, मी हे तुझ्याशी कधी बोललो नाही. तेव्हापासून जे काही धाडस केलं, ते तू जागा आहेस या भरवशावर केलं.

वहिनी, याला दुसऱ्यांची काळजी घेता येते, स्वतःची घेऊ देता येत नाही. मागे ताप आला होता, तेव्हा "मी ठीक आहे" म्हणत घरभर फिरत होता. तू आलीस, फोन हातातून काढून घेतलास आणि तिन्ही गजर बंद केलेस. दुसऱ्या दिवशी दादा सकाळी दहापर्यंत झोपला! आम्हाला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते तू एका रात्रीत केलंस. वहिनी, तू आलीस याचा आम्हाला फार आनंद आहे.

मोठ्यांनी दोघांना आशीर्वाद द्यावेत, आणि बाकीच्यांनी छत ऐकेल एवढ्या टाळ्या वाजवाव्यात.

*

"दादा, मी हे तुझ्याशी" च्या आधी श्वास घे आणि त्याच्याकडे बघून बोल, कागदाकडे नाही. तिथे आवाज दाटला तर थांब, घाई करू नकोस, लोक थांबतील. प्रिंट मोठ्या अक्षरात काढ आणि एक प्रत माझ्या पर्समध्ये दे.

ताई