चोवीस तास सप्लाय

मंगेश ढोले डीपीवर पोचायच्या आधी त्याचा आवाज पोचायचा. दारव्ह्याच्या या शिवारात डिसेंबरात, हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी लाईन गेली की कनिष्ठ अभियंत्याने शिव्या खायच्या असतात. मंगेशला त्या कमी बसायच्या, कारण समोरच्याने तोंड उघडायच्या आत तो त्याला हसवून टाकायचा.

त्या दुपारी १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी बंद होती. लाईनमन गजाननभाऊंनी एबी स्विच उघडला, कुलूप घातलं, डिस्चार्ज रॉड तिन्ही तारांना लावला, तेव्हा मंगेशने पेटीचं दार उघडलं. बी फेजचा फ्यूज धरणाऱ्या किटकॅटमध्ये फ्यूज वायर नव्हतीच. ॲल्युमिनियमच्या तारेचे तीन पदर पिळून कोंबले होते. पितळी पकड तापून काळीनिळी पडली होती. ब्रीदरमधलं ओल शोषणारं निळं सिलिका जेल गुलाबी झालेलं, तेल खुणेच्या खाली.

"फ्यूज म्हणून बैलाचं दावं बांधलं का रे कोणी?"

जमलेले शेतकरी हसले. मग मंगेशने नीट समजावलं, ते तो नेहमीच मनापासून करायचा. या डीपीला एका फेजवर १३३ अँपिअर झेपतात. काल क्लॅम्प मीटरने १७० दाखवले. सव्वीस मोटारी, सगळ्यांना ऑटो. लाईन आली की सव्वीसही एकदम उठतात, आणि उठताना प्रत्येक मोटार चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. योग्य मापाचा फ्यूज अशा वेळी जळतो, तेच त्याचं काम. जाड तार जळत नाही. मग उष्णता वाइंडिंगमध्ये जाते, तेल तापतं, आतला कागद करपतो आणि अख्खी डीपी जाते.

"ऑटो काढा. अर्ध्यांनी लाईन आल्या आल्या, बाकीच्यांनी दहा मिनिटांनी चालू करा. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा, करंट कमी ओढला जाईल. तरी दोन पाळ्या कराव्याच लागतील, सव्वीस मोटारी एकाच वेळी या डीपीला जास्तच आहेत."

"करतो साहेब," म्हातारे नामदेवराव म्हणाले. "तुमची माय गेली म्हनते. आमाले उशिरा कयलं."

"गेली ना. वर चोवीस तास सप्लाय आहे म्हणे. माझ्या फिडरवर भरवसा नव्हता तिचा."

पुन्हा हशा. बांधावर विळा घेऊन बसलेली अंजनाबाई हसली नाही.

"शेवटी जेवत होती काय रे ते?"

मंगेशने तोंड उघडलं. काहीच आलं नाही. पक्कड हातात तशीच राहिली.

"नाही," तो म्हणाला. "तीन दिवस पेजसुद्धा नाही. चमच्याने पाणी पाजायची ताई."

"अन् तू?"

"मी इकडं होतो. वादळात अकरा केव्हीचे सात खांब पडले होते."

हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं असं मात्र नाही. ऑफिसात विचारलं होतं, किराणा दुकानात विचारलं होतं, तेरवीला आलेल्या मावशीनेही विचारलं होतं. प्रत्येकाला चोवीस तास सप्लाय मिळाला होता. माणूस हसायचा आणि दुसरा प्रश्न विचारायचा राहून जायचा. सावडण्याच्या दिवशी ताई अंगणात त्याच्याजवळ येऊन बसली, "मंग्या, आई शेवटी..." एवढंच म्हणाली, आणि त्याने पहिल्यांदा तो विनोद केला. ताईही हसली. हसून उठली आणि आत गेली. आपण तिला उठवलं होतं, हे त्याला आत्ता, पेटीसमोर उभं राहून कळलं. आई आजारी नव्हती तेव्हाही तो हेच करायचा. बाप गेला तेव्हा दहावीत होता, त्या आठवड्यातही त्याने वर्ग हसवला होता.

डोळे भरून आले. गजाननभाऊंनी त्याच्या हातातली पक्कड घेतली.

"मी बसवतो, साहेब. पकड घासून घेतो आधी, नाहीतर नवा फ्यूजही तापून जाईल."

"तिन्ही फेजचं बघा. नटही आवळा. आणि तेल भरून जेल बदलेपर्यंत स्विच लावू नका."

अंजनाबाईने बांधावर थोडं सरकून जागा केली. मंगेश तिथे बसला आणि वर्ध्याला फोन लावला.

"बोल रे, आता काय नवीन?" ताई हसण्याच्या तयारीतच होती.

"नवीन काही नाही. त्या दिवशी अंगणात तू आईचं सांगत होतीस. मी मध्येच बोललो. आता सांग."