मामांना पाठवलेला निरोप

मामा, राम राम. परवा फोनवर 'बघतो' म्हणालो, ते चुकलंच माझं. तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं. केळीसाठी तुम्ही मागितलेले दोन लाख मला देता येणार नाहीत. आता नाहीत आणि आखाजीनंतरही नाहीत, म्हणून त्या भरवशावर रोपांची नोंदणी करू नका.

घराचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला कापला जातो. धाकटीची फी भरायची आहे. उरतं ते आईच्या औषधाला. कुणाच्या कर्जाला जामीन राहायचं नाही, हेही आम्ही दोघांनी ठरवलंय. तुमच्यावर अविश्वास आहे असं मुळीच समजू नका. बारावीला असताना तुमच्याच ओट्यावर कंदिलाशी बसून अभ्यास केला, मामी मध्येच कळण्याची भाकरी आणि ठेचा आणून ठेवायची. ते विसरलो तर माणूस कसला मी!

एक करू शकतो. शनिवारी सुट्टी आहे, सकाळच्या एसटीने येतो. सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुक काढून ठेवा. सोबत बँकेत जाऊन पीककर्जाचं विचारू, ठिबकच्या अनुदानाचा अर्जही मी भरून देतो. सावकाराकडे मात्र जाऊ नका, मामा.

आईला सगळं सांगितलंय. तिच्याकडे पुन्हा विषय काढू नका, ती रात्र रात्र झोपत नाही.

मामीला सांगा, शनिवारी भरीत करा. वांगी मी आणतो.