वाचक मंडळाच्या बैठकीतील पाहुण्यांचा परिचय : अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या ताई

नमस्कार. सगळ्यांनी जरा पुढे सरकून बसावे, अशी पहिली विनंती करतो. आजच्या पाहुण्यांनी समोर मांडलेली स्वतंत्र खुर्ची आल्या आल्या उचलून आपल्या गोलात आणून ठेवली आहे. तेव्हा आता मागच्या ओळीत बसण्याला काही अर्थ उरलेला नाही.

पाहुण्यांचे पूर्ण नाव आपण बैठकीच्या सूचनेत वाचलेच आहे. इथे मात्र त्यांना नुसते ‘ताई’ म्हणावे, असे त्यांनी स्वतः सुचवले आहे. ताईंनी एकतीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले, म्हणजे छपाईला जाण्यापूर्वी पुस्तकाची मुद्रिते तपासली. पहिली काही वर्षे त्या एका छापखान्यात होत्या, नंतर एका प्रकाशनसंस्थेत, आणि निवृत्तीनंतर घरी बसून त्या तेच काम करतात. त्यांच्या हाताखालून किती पुस्तके गेली याची मोजदाद त्यांनी ठेवलेली नाही. फोनवर मी पुन्हा पुन्हा आकडा विचारला, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, की आकड्यापेक्षा त्यांतून निसटलेल्या चुका जास्त नीट आठवतात. मला वाटते, त्यांचा परिचय करून द्यायला हे एक वाक्य पुरेसे आहे; पण मंडळाने मला दहा मिनिटे दिली आहेत, आणि ताईंना आपण का बोलावले हेही सांगायला हवे.

मागच्या बैठकीत आपल्यापैकी एका सभासदांनी घरातील एक जुने, पिवळे पडलेले पुस्तक आणले होते आणि त्यातील ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘जेव्हां’ या शब्दांवरचे अनुस्वार दाखवून विचारले होते, की हे ठिपके गेले कुठे. आपण त्यावर बराच वेळ बोललो. कोणी म्हणाले, छापणाऱ्याची सवय असेल; कोणी म्हणाले, त्या काळी उच्चारच तसा असेल; मीही त्या चर्चेत ठामपणे एक चुकीची गोष्ट सांगितली, ती काय होती हे आता विचारू नये. नंतर शोधले तेव्हा कळले, की मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे चौदा नियम ठरवले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे व्युत्पत्तीने आलेले अनुस्वार या नियमांनी काढून टाकले. नियम कागदावर आले, पण छापखान्यात, शाळेत आणि लिहिणाऱ्यांच्या हातात ते एका रात्रीत उतरले नसणार, हे उघड आहे. जुने वळण असलेल्या लेखकाचे हस्तलिखित नव्या नियमांनी छापताना तपासणाऱ्या माणसाने काय करायचे, लेखकाशी कसे बोलायचे, कुठे अडून बसायचे आणि कुठे सोडून द्यायचे, हे पुस्तकात सापडत नाही. ते ज्यांनी केले त्यांनाच विचारावे लागते. म्हणून ताई.

ताईंच्या कामाची सुरुवात खिळ्यांच्या काळात झाली, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातील अनेकांनी खिळा हातात धरलेला नाही. प्रत्येक अक्षराचा धातूचा एक ठसा, त्यावर अक्षर उलटे कोरलेले, आणि जुळारी हे उलटे ठसे एकेक करून ओळीत लावत जाणार. देवनागरीत वेलांट्या, उकार, जोडाक्षरे आणि रफार यांच्यामुळे या ठशांचे प्रकार फार, आणि ते ठेवण्याच्या घरांची संख्याही तितकीच. वापरलेला खिळा परत ठेवताना शेजारच्या घरात पडला, की पुढच्या पुस्तकात ‘घ’च्या जागी ‘ध’ उमटायचा, आणि त्यात जुळाऱ्याचा काही दोष नसायचा. ताईंनी मला सांगितलेली एक गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून आहे. जुळवलेल्या मजकुरात एक लांब शब्द घालायचा झाला, तर त्या ओळीचा शेवटचा शब्द खाली ढकलला जायचा, त्याने पुढची ओळ हलायची, आणि परिच्छेद संपेपर्यंत सगळे खिळे पुन्हा सरकवावे लागायचे. म्हणून दुरुस्ती सुचवताना त्या शक्यतो तेवढ्याच लांबीचा शब्द शोधायच्या. अर्थ तोच, जागा तेवढीच. आपण ज्याला लेखकाची शैली म्हणून दाद देतो, त्यातला एखादा शब्द ओळीत मावला म्हणून तिथे आला असेल, हा विचार मला तरी कधी शिवला नव्हता.

आता एक जवळचे उदाहरण. ताईंनी त्यांच्या संग्रहातील एका मुद्रिताचे पान मला दाखवले. समासात लाल शाईच्या खुणा, गाळलेल्या अक्षरासाठी काकपद, आणि एका शब्दाभोवती नुसते वर्तुळ, बाजूला प्रश्नचिन्ह. वाक्य असे होते : ‘तो दीन त्यांना कधीच विसरता आला नाही.’ मी वाचले आणि मला त्यात काहीही गैर दिसले नाही. दीन म्हणजे गरीब, लाचार माणूस. तो विसरता आला नाही. वाक्य शुद्ध, शब्द शुद्ध, कोणताही कोश किंवा संगणक या शब्दाखाली रेघ ओढणार नाही. पण त्या कथेत तोपर्यंत एकही दीन माणूस आलेला नव्हता. आला होता एक दिवस, ज्या दिवशी घरातील सगळे पहिल्यांदा वेगळे झाले. लेखकाला ‘तो दिन’ म्हणायचे होते. दुसऱ्या वेलांटीच्या जागी पहिली वेलांटी आली, की एक माणूस नाहीसा होतो आणि एक दिवस उभा राहतो. ही चूक पकडायला वेलांटीचे नियम माहीत असून भागत नाही. कथा लक्षात ठेवून वाचावे लागते. तरीही ताईंनी ती दुरुस्ती परस्पर केली नाही, प्रश्नचिन्ह घातले आणि निर्णय लेखकावर सोडला. त्या असे का करतात, हे मी विचारले नाही. तो प्रश्न मी आपल्यापैकी कोणासाठी तरी शिल्लक ठेवला आहे.

आपण वाचताना डोळा अक्षरामागून अक्षर असा चालत नाही. तो उड्या मारत जातो आणि मधले अपेक्षेने भरून काढतो. म्हणून तर स्वतः लिहिलेल्यातील चूक स्वतःला दिसत नाही. ताईंना हा वेग मुद्दाम मोडावा लागतो. एक फेरी अक्षरांसाठी, एक अर्थासाठी, आणि अवघड पान असेल तर ओळीखाली पट्टी धरून. शीर्षकातील चूक सगळ्यांत उशिरा सापडते, असेही त्या म्हणाल्या, कारण तिथे कोणी शोधतच नाही. (या बैठकीच्या सूचनेचे शीर्षक मी त्यानंतर चार वेळा तपासले.)

यावरून कोणाला अशी भीती वाटत असेल, की ताईंसमोर तोंड उघडले की आपली भाषा तपासली जाईल, तर तीही दूर करतो. ताईंना पाठवलेल्या पहिल्या पत्रात मी ‘आपणांस निमंत्रीत करताना आनंद होतो’ असे लिहिले होते. मुद्रितशोधकाला पाठवलेल्या पत्रात दुसरी वेलांटी! ताईंचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यात माझ्या चुकीचा उल्लेख नव्हता. फक्त शेवटी एक वाक्य होते : ‘मंडळाने निमंत्रित केले याचा आनंद वाटतो, नक्की येईन.’ पहिल्या वेलांटीचे ते ‘निमंत्रित’ मी तीनदा वाचले, तेव्हा माझ्या लक्षात आले. इतक्या हळुवारपणे माझी चूक आजवर कोणी सुधारलेली नाही, आणि हा शब्द मी आता जन्मात चुकणार नाही.

ताई साधारण पंचवीस मिनिटे बोलतील. त्यानंतर प्रत्येक जोडीला त्यांनी स्वतः तयार केलेले एक पान मिळेल, त्यात काही चुका मुद्दाम ठेवल्या आहेत. किती, ते सांगायला त्या तयार नाहीत. पेन्सिली टेबलावर आहेत, चश्मा विसरलेल्यांसाठी मोठ्या अक्षरातील प्रती आहेत. जोडी शक्यतो अशी करावी, की एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पानावर बोट ठेवून पाहावे. छापखान्यात मूळ हस्तलिखित आणि मुद्रित ताडून पाहण्याची पद्धत अशीच होती. चुका सापडल्या नाहीत तरी चालेल. ताईंना उलट हे ऐकायचे आहे, की आपण पानावर कुठे अडखळलो, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचले, कुठे काहीतरी खटकले पण काय ते सांगता आले नाही. त्यांच्या मते ‘खटकले’ एवढे सांगणाराही त्यांच्या कामात भागीदार असतो, आणि वाचकांचे हे अडखळणे एकतीस वर्षांत त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचले. पुस्तक छापून गेले, की पुढे त्याचे काय झाले ते त्यांना कळायचेच नाही.

म्हणून प्रश्न विचारताना ‘हा प्रश्न फार साधा आहे’ अशी प्रस्तावना आज कोणी करू नये. जे मंडळात वर्षभर आले आणि अजून एकदाही बोललेले नाहीत, त्यांच्याकडे मी नावाने पाहणार नाही, पण पहिल्या दोन प्रश्नांची जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवतो. बोलायचे नसेल तर चिठ्ठीवर लिहून या डब्यात टाकावे, मी वाचून दाखवीन, आणि चिठ्ठीतले शुद्धलेखन माझ्यापुरतेच राहील. मागच्या वेळी ठिपक्यांचे पुस्तक आणणाऱ्या सभासदांनी ते आजही आणले आहे. ते गोलात फिरवत ठेवू या. पाने जपून उलटावीत, कडा सुटल्या आहेत.

आणखी एक. आपण आत येताना फळ्यावर एक वाक्य पाहिले असेल, विरामचिन्हांशिवाय लिहिलेले : आई म्हणाली मुलगी हट्टी आहे. हट्टी कोण, हे मी दारातच दोघांना विचारले. एकाने मुलगी सांगितले, दुसऱ्याने आई, आणि दोघेही अजून आपल्या मतावर ठाम आहेत. त्या कोपऱ्यातील कुजबुज त्याचीच चालली आहे. ताई, खडू फळ्याखाली ठेवला आहे. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी आपण आधी या दोघांचा निवाडा करावा, अशी मंडळाच्या वतीने विनंती करतो.