प्र. ४. नावाजलेले ब्रँड असंबंधित उत्पादनवर्गात उतरल्यावर का फसतात? सोदाहरण स्पष्ट करा. (१० गुण)

उत्तर : जुन्या ब्रँडचे नाव वेगळ्याच उत्पादनवर्गाला देणे म्हणजे वर्गविस्तार. नाव सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे जाहिरातीचा खर्च वाचेल, असा कंपनीचा हिशेब असतो. पण नाव ओळखीचे असणे वेगळे आणि त्यावर भरवसा असणे वेगळे. भरवसा नेहमी एखाद्या ठरावीक गुणावर असतो आणि नव्या वर्गात तोच गुण कामाला यावा लागतो.

सांगलीतील एका हळद पॅकिंग व्यवसायाचे काल्पनिक उदाहरण घेऊ. त्याच्या नावामागे शुद्धता आणि स्वयंपाकघर उभे आहे. त्याच नावाने मसाला चालेल, उटणेही चालेल. फिनेल काढले तर मात्र दुकानदार ते हळदीशेजारी ठेवणार नाही, म्हणजे जुन्या वितरणाचा फायदाही गेला. आणि फिनेलची आठवण हळदीच्या पाकिटाला चिकटली, तर मूळ धंद्यालाच धक्का बसतो. यालाच ब्रँड पातळ होणे म्हणतात.

विपणनाचे अभ्यासक डेव्हिड आकर आणि केव्हिन केलर यांनी १९९० मध्ये मूळ वस्तू आणि नवी वस्तू यांचा हाच ‘मेळ’ तपासला. दोन वस्तू एकत्र वापरल्या जातात का, एकीऐवजी दुसरी चालते का, आणि पहिली बनवण्याचे कौशल्य दुसरीला लागू पडते का, हे त्याचे तीन निकष. मूळ ब्रँडचा दर्जा मेळ असेल तरच नव्या वस्तूकडे सरकतो. वस्तू बनवायला फारच सोपी वाटली, तरी ग्राहक नाराज होतो : नाव वापरून उगाच जास्त पैसे घेतात, असे त्याला वाटते.

बिकचे पेन, लायटर आणि रेझर स्वस्त, वापरून फेकायचे. कंपनीने १९८९ मध्ये अमेरिकेत लायटरसारख्या बाटलीत स्वस्त अत्तर आणले. अत्तरात माणूस ऐट विकत घेतो. तिथे बिकचा सर्वात मोठा गुणच आड आला. पाँड्सच्या टूथपेस्टचेही तेच झाले. पाँड्स म्हटले की त्वचेला लावायची सुगंधी पावडर आणि क्रीम आठवते. तोंडात घालायच्या वस्तूला ही आठवण मारक ठरते.

डेटॉलचा धडा जास्त बारीक आहे. साबण सौम्य, सौंदर्यासाठी म्हणून आणला तेव्हा चालला नाही; जंतूंपासून संरक्षण हा मूळ गुण पुढे केल्यावर चालला. वर्ग तोच होता, मेळ गुणाचा बसला. म्हणून ‘असंबंधित’ हे वस्तूवरून नव्हे, ग्राहकाच्या मनातील गुणावरून ठरवावे.

उपाय म्हणून बाजारात उतरण्याआधी ग्राहकांचे दोन समान गट करावेत. एकाला नवी वस्तू नावाशिवाय, दुसऱ्याला नावासह द्यावी. दोघांनाही खरेदीची इच्छा आणि योग्य किंमत विचारावी. नावासह इच्छा आणि किंमत कमी आली, तर वस्तू चांगली असूनही नाव आड येते आहे, असे समजावे आणि वेगळ्या नावाने ती विकावी.